शॉर्ट्सचा बोनस आणि जाहिरातीतला वाटा: हे दोन्ही पैसे एकाच मापाने मोजता येतात का?

तारजुळणी

नमस्कार मंडळी. मिरजेत आमच्या मामांचे सतारी आणि तंबोरे बनवण्याचे दुकान आहे आणि तिथल्या कामाचे छोटे व्हिडिओ मी 2021 पासून यूट्यूबवर टाकतो. सगळे चित्रण आमचेच असते. पंढरपूरकडून आलेला भोपळा कापणे, तबली बसवणे, नक्षीकाम हे सारे लोक बघतातच. पण सर्वांत जास्त चालतो तो जवारी काढतानाचा व्हिडिओ, ज्यात मामा घोडीवर कानस फिरवतात, तार छेडतात, कान देऊन ऐकतात आणि पुन्हा एकदा हलकेच कानस फिरवतात. दुरुस्ती आणि देखभालीचे मोठे व्हिडिओही आहेत आणि त्यांच्या जोरावर आमचे चॅनेल आधीपासूनच उत्पन्नाच्या योजनेत आहे.

माझी तक्रार काही नाही. मला फक्त हिशोब समजून घ्यायचा आहे. 2022 मध्ये पाच महिने आम्हाला शॉर्ट्स फंडाचा बोनस मिळाला. एका महिन्यात साधारण 6 लाख व्ह्यूज होते आणि 180 डॉलर आले. आता बोनस नाही, जाहिरातीचा वाटा आहे. मागच्या महिन्यात 9 लाख व्ह्यूज झाले आणि `Shorts Feed Ads` या ओळीत 38 डॉलर दिसतात. व्ह्यूज दीडपट झाले आणि पैसे पाचव्या हिश्श्याच्या आसपास आले. माझ्या मेव्हण्याचे म्हणणे असे की, आपण व्हिडिओंवर चालती गाणी लावतो, त्यामुळे निम्मे पैसे संगीत कंपन्यांकडे जातात. गाणी काढून टाकावीत का?

खडूफळा

मेव्हण्यांचे बरोबर आहे. एक गाणे लावले तर निम्मी रक्कम संगीताला जाते आणि दोन गाणी लावली तर दोन तृतीयांश जाते. उरलेल्यातून तुम्हाला 45 टक्के मिळतात. म्हणजे एका गाण्याच्या व्हिडिओवर तुमच्या हातात शंभरातले साडेबावीसच पडतात, तर मोठ्या व्हिडिओवर सरळ 55 टक्के मिळतात. गाणी काढा, उत्पन्न दुप्पट होईल.

हिशोबनीस

खडूफळा यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, मात्र ते जिथे लावले आहेत ती जागा चुकली आहे. ही चूक इतकी सर्रास होते की थोडे सविस्तर लिहितो. मी काही वर्षे एका जाहिरात संस्थेत चॅनेलांचे हिशोब पाहिले आहेत, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी बोनसचे पाहू. मे 2021 मध्ये यूट्यूबने शॉर्ट्ससाठी 10 कोटी डॉलरचा निधी जाहीर केला आणि त्यातून पात्र चॅनेलांना दरमहा 100 ते 10,000 डॉलरपर्यंत रक्कम मिळू लागली. त्या वेळी शॉर्ट्सच्या जाहिरातींमध्ये निर्मात्यांचा वाटाच नव्हता. टिकटॉकवर भारतात जून 2020 च्या शेवटी बंदी आली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स पहिल्यांदा भारतात सुरू झाले आणि लोकांनी तिथे व्हिडिओ टाकावेत म्हणून कंपनीला स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागला. दुकान नवे असताना गिऱ्हाईक यावे म्हणून काही दिवस पेढे वाटावेत, तसा हा प्रकार होता. कोणाला किती द्यायचे हे त्या महिन्यातले व्ह्यूज, प्रेक्षक कोणत्या देशांतले आहेत, अशा गोष्टींवरून ठरत असे. दर हजार व्ह्यूजना अमुक असा भाव जाहीर केलेला नव्हता. उत्पन्नाच्या योजनेत नसलेल्या चॅनेलांनाही तो मिळू शकत होता आणि मिळाल्याची सूचना आली की मुदतीत मागणी नोंदवावी लागत असे. त्यामुळे तुमच्या 180 डॉलरना 6 लाखांनी भागून जो दर निघतो, तो दर म्हणून कधी अस्तित्वातच नव्हता.

1 फेब्रुवारी 2023 पासून जाहिरातीतला वाटा सुरू झाला आणि तो निधी थांबला. आता येणारा पैसा जाहिरातदाराने मोजलेला आहे. पण इथेही मोठ्या व्हिडिओपेक्षा मोठा फरक आहे. मोठ्या व्हिडिओवर जाहिरात त्याच व्हिडिओच्या आधी किंवा मध्ये लागते, म्हणून तिचे पैसे कोणाच्या नावावर जमा करायचे हे उघड असते. शॉर्ट्समध्ये जाहिरात दोन व्हिडिओंच्या मधे येते. तुमची जवारी आणि पुढच्या माणसाचे मांजर यांच्यामध्ये साबणाची जाहिरात आली, तर ती कोणाची मानायची? म्हणून महिन्याचे सगळे पैसे आधी एकत्र करतात आणि मग वाटतात.

आकडे कल्पित घेऊन वाटप दाखवतो. समजा, एका महिन्यात भारतातल्या उत्पन्नपात्र शॉर्ट्सना 100 कोटी व्ह्यूज मिळाले आणि त्यांच्याशी जोडलेल्या जाहिरातींतून 1 कोटी रुपये आले. यांपैकी 60 कोटी व्ह्यूज गाणे नसलेल्या व्हिडिओंचे आणि 40 कोटी एकेक गाणे असलेल्या व्हिडिओंचे आहेत. पहिल्या गटाचे 60 लाख पूर्णच्या पूर्ण निर्मात्यांच्या सामाईक गंगाजळीत जातात. दुसऱ्या गटाच्या 40 लाखांपैकी 20 लाख संगीताच्या परवान्यांसाठी वेगळे निघतात आणि 20 लाख गंगाजळीत येतात. गंगाजळी झाली 80 लाखांची. आता तुमचे त्या महिन्यात भारतात 20 लाख व्ह्यूज असतील, तर ते एकूण व्ह्यूजच्या 0.2 टक्के झाले. गंगाजळीतला तुमचा हिस्सा 16,000 रुपये आणि त्याचे 45 टक्के म्हणजे 7,200 रुपये तुमच्या खात्यात.

या शेवटच्या पायरीवर तुम्ही गाणे लावले होते की नाही हे कोणी विचारत नाही. गाणे लावणाऱ्यालाही 7,200 आणि न लावणाऱ्यालाही 7,200. संगीताची वजावट वाटपाच्या आधी सगळ्यांच्या एकत्रित रकमेतून होते.

खडूफळा

हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. पण मग सगळ्यांनीच गाणी लावली तर गंगाजळी 50 लाखांवर येईल आणि तारजुळणींच्या हातात 4,500 पडतील. म्हणजे माझे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

हिशोबनीस

सगळ्यांनी एकेक गाणे लावले तर, होय. पण मामांच्या दुकानातून निघणाऱ्या चार व्हिडिओंनी तो आकडा हलणार नाही. तुमचा प्रश्न गावाच्या विहिरीचा आहे, त्यांचा प्रश्न स्वतःच्या घागरीचा आहे.

सुगरण वसुधा

मला वाटते मीही याच प्रश्नातून गेले आहे. एका मसाला उत्पादकाने मला सहा व्हिडिओंसाठी ठरावीक रक्कम दिली आणि वर दिवाळीला ‘बोनस’ म्हणून आणखी काही दिले. ही रक्कम जाहिरातीपेक्षा कितीतरी बरी पडते. तारजुळणी यांनी तारा बनवणाऱ्या कारखान्यांशी बोलून पाहावे.

तारजुळणी

वसुधाताई, सूचना चांगली आहे, पण तो प्रायोजकाशी केलेला थेट व्यवहार झाला. मी विचारतो आहे तो बोनस मंच स्वतः देतो त्याबद्दल.

खाडीकाठ

माझा अनुभव दुसऱ्या एका मंचाचा आहे, नाव घेत नाही. मी मालवणकडचा. पहाटे रापण ओढतात त्याचे व्हिडिओ करतो. मला एके दिवशी ॲपमध्येच आमंत्रण आले की, पुढच्या 30 दिवसांत छोट्या व्हिडिओंवर अमुक रकमेपर्यंत बोनस मिळवता येईल. खाली एक पट्टी होती आणि व्ह्यूज वाढतील तशी ती भरत जायची. एक व्हिडिओ असा काही चालला की अकराव्या दिवशीच पट्टी भरली. नंतरच्या एकोणीस दिवसांत त्याच्या दुप्पट व्ह्यूज झाले, त्यांचे काहीही मिळाले नाही. मी पुढच्या महिन्यासाठी जोरात तयारी केली, गिंबल घेतला, आणि पुढचे आमंत्रण आलेच नाही. कारण विचारायला जागाही नव्हती.

हिशोबनीस

खाडीकाठ, तुम्ही सांगितले त्यात बोनसचा सगळा स्वभाव आला आहे. आमंत्रण, मुदत आणि कमाल मर्यादा या तिन्ही गोष्टी जाहिरातीच्या वाट्यात नसतात. मर्यादा गाठल्यावर बोनसमधला पुढचा व्ह्यू फुकट जातो. जाहिरातीत तो थोडासा का होईना, मोजला जातो. मेटाने मार्च 2023 मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टाग्राम निर्मात्यांचा आणि फेसबुकवरचा रील्सचा बोनस थांबवला, तोही अनेकांना असाच अचानक वाटला होता. अंदाजपत्रकातला खर्च पुढच्या वर्षी मंजूर झाला नाही की विषय संपतो.

बोनसची दुसरी अडचण तुमच्या उदाहरणात दिसत नाही, ती सांगतो. टिकटॉकने जुलै 2020 मध्ये अमेरिकेत 20 कोटी डॉलरचा निर्माता निधी जाहीर केला आणि पुढे तो वाढवण्याचे आश्वासन दिले. जानेवारी 2022 मध्ये हँक ग्रीन या अमेरिकी निर्मात्याने एक व्हिडिओ करून दाखवले की, त्याला दर हजार व्ह्यूजमागे मिळणारी रक्कम घटत चालली आहे. कारण साधे होते. निधी ठरलेला आणि घेणारे मात्र वाढत चाललेले. मंच जितका यशस्वी, तितका प्रत्येकाचा घास लहान. जाहिरातीच्या वाट्यात घेणारे वाढले तरी बघणारे आणि त्यांच्याबरोबर जाहिरातीच्या जागाही वाढतात, त्यामुळे रक्कम आपोआप पातळ होत नाही. तिला वेगळे रोग आहेत: जानेवारीत जाहिरातदार हात आखडतात आणि दिवाळीच्या आधी सोडतात, हे तुमच्या आलेखातही दिसेल.

तारजुळणी

म्हणजे 180 आणि 38 यांची तुलना मी करूच नये?

हिशोबनीस

करू नका. पण 38 मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असण्याची शक्यता आहे. तुम्ही 9 लाख हा आकडा कुठून घेतला? व्हिडिओखाली दिसतो तो असेल, तर तो पैशाचा आकडा नाही. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की तो व्ह्यू म्हणून धरतात, मग बघणाऱ्याने पुढच्याच क्षणी अंगठा सरकवला तरी. जुन्या पद्धतीने मोजलेला आकडा आता `Engaged views` या नावाने वेगळा ठेवला आहे आणि वाटप त्यावर होते. स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये जाऊन सविस्तर दृश्य उघडा आणि तो स्तंभ लावून पाहा.

तारजुळणी

पाहिले. 9 लाखांपैकी `Engaged views` 5 लाख 60 हजार आहेत. म्हणजे 2022 मधले 6 लाख आणि आत्ताचे 9 लाख हे एकाच मापाने मोजलेले नव्हतेच. खरे तर आमचे प्रेक्षक किंचित घटले आहेत. हजारी 4.2 सेंट वाटत होते, ते 6.8 सेंट निघाले. पैसे तेवढेच आहेत, पण आता निदान भागाकार खरा झाला.

एक गोष्ट मजेची दिसली. जवारीच्या व्हिडिओत गाणे नाही, फक्त तारेचा आवाज आहे, आणि त्यात हे दोन आकडे जवळजवळ आहेत. भोपळा कापण्याच्या व्हिडिओवर चालते गाणे आहे आणि तिथे निम्मे लोक पहिल्याच क्षणी पुढे गेले आहेत.

परसबाग एडिसन

मी न्यू जर्सीत राहते आणि गच्चीवर आळू, मायाळू, घेवडा लावते त्याचे मराठी व्हिडिओ करते. माझे व्ह्यूज तारजुळणी यांच्या दहाव्या भागाइतकेही नाहीत, तरी माझी महिन्याची रक्कम त्यांच्या जवळपास जाते. मला आजवर वाटायचे की चॅनेल अमेरिकेत नोंदवलेले असल्यामुळे हे होते. तसे आहे का?

हिशोबनीस

चॅनेल कुठे नोंदवले आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. बघणारा कुठे बसला आहे याचा आहे. वर मी जी गंगाजळी सांगितली ती प्रत्येक देशाची वेगळी असते. तुमचा व्हिडिओ एडिसनमध्ये पाहिला गेला तर तो व्ह्यू अमेरिकेच्या गंगाजळीतून पैसे घेतो आणि तोच सांगलीत पाहिला गेला तर भारताच्या. अमेरिकेत जाहिरातीचा भाव खूप जास्त आहे. तारजुळणी यांनी देशानुसार उत्पन्न उघडून पाहिले, तर 38 पैकी बरीच रक्कम थोड्याशा परदेशी व्ह्यूजनी आणलेली दिसेल, कारण सतार ऐकणारे जगभर आहेत.

जाता जाता एक सांगून ठेवतो. भारतात राहणाऱ्याने कराची माहिती भरताना W-8BEN हा अर्ज भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला, तर अमेरिकी प्रेक्षकांपासूनच्या उत्पन्नावर 15 टक्के कापतात. करार मागितला नाही तर 30. माहितीच भरली नाही तर 24 टक्के कापू शकतात आणि ते फक्त अमेरिकेच्या नव्हे, जगभरच्या उत्पन्नावर. भारतातल्या आयकराचे मात्र आपल्या सनदी लेखापालांना विचारा, तो या धाग्याचा विषय नाही.

तारजुळणी

उघडले. 38 पैकी 17 डॉलर अमेरिकेतून आहेत आणि तिथले व्ह्यूज एकूणातले चार टक्केही नाहीत. मामांना सांगितले तर म्हणाले, तिकडे एक तंबोरा पाठवला असता तर जास्त मिळाले असते.

जुना रीळवाला

‘सगळे चित्रण आमचेच’ या वाक्यावर थोडे बोलू द्या, कारण बोनस असो वा जाहिरात, दोन्ही त्यावरच अडतात. माझे एसटी आगारांच्या आणि जुन्या गाड्यांच्या चित्रणाचे चॅनेल आहे. मी स्वतः चित्रित केलेले व्हिडिओ टाकत होतो, पण मधल्या काळात उत्साहाच्या भरात दुसऱ्यांचे पंधरा-वीस तुकडे जोडून ‘घाटातल्या गाड्या’ असे संकलन केले. तेच सर्वांत जास्त चालले. पुढे उत्पन्नासाठी अर्ज केला, तेव्हा पुनर्वापर केलेला आशय म्हणून नकार आला. दोष माझाच होता. तपासणारे सगळे व्हिडिओ पाहत बसत नाहीत. ते चॅनेलचा मुख्य विषय, सर्वांत जास्त पाहिलेले आणि सर्वांत नवे व्हिडिओ पाहतात, आणि माझ्याकडे पहिल्या क्रमांकावर नेमके ते उसने संकलन होते.

संकलन काढून टाकल्यावर मी अपील केले. त्यासाठी पाच मिनिटांच्या आतला एक व्हिडिओ द्यावा लागतो, ज्यात चॅनेलचा पत्ता सुरुवातीलाच सांगून आपण काम कसे करतो हे दाखवायचे असते. मी आगाराबाहेर तिपाई लावताना, फोनमधल्या मूळ क्लिपांची तारीखवार यादी उघडताना आणि एडिटिंगच्या पट्टीवर त्या कापताना स्वतःला दाखवले. मान्य झाले. तेव्हापासून मूळ क्लिप पुसत नाही, वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवतो.

खाडीकाठ

माझे रापणीचे व्हिडिओ दुसरेच लोक उचलून टाकतात. माझ्या वाट्याचे पैसे त्यांना मिळतात की काय?

हिशोबनीस

नियमाप्रमाणे नाही. दुसऱ्याचा व्हिडिओ तसाच्या तसा पुन्हा टाकला, किंवा सिनेमा-मालिकेचा तुकडा काही न करता लावला, तर त्या व्ह्यूजना वाटपात स्थान नसते. शॉर्ट्स फंडातही दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेले किंवा उचललेले व्हिडिओ बाद होत. पण नियम असणे आणि प्रत्येक चोरी सापडणे यांत अंतर आहे. तुम्ही मूळ व्हिडिओ आधी टाकलेला असेल, तर स्टुडिओतल्या कॉपीराइटच्या विभागात जुळणाऱ्या प्रती दिसू शकतात. त्या काढून टाकण्याची विनंती तुम्हालाच करावी लागते.

खडूफळा

गाण्यावर परत येतो. हिशोबात तोटा नाही हे मान्य. पण तारजुळणींच्या आकड्यांतून असे दिसते की गाणे लावलेला व्हिडिओ लोक लवकर सोडतात. मग गाणी काढावीत असेच ठरते ना?

हिशोबनीस

दोन व्हिडिओंवरून मी तसे म्हणणार नाही. जवारीत पुढे काय होणार याची उत्सुकता असते, भोपळा कापण्यात ती कमी असते. गाण्याचा दोष आहे की विषयाचा, हे त्यातून कळत नाही. शिवाय चालत्या गाण्यामुळे नवे लोक व्हिडिओपर्यंत पोहोचतात असा काहींचा अनुभव आहे आणि तो मी खोटा म्हणू शकत नाही. एकाच कामाचे काही व्हिडिओ गाण्यासह आणि काही दुकानातल्या आवाजासह टाकून `Engaged views` पाहिले, तरच काही बोलता येईल.

खाडीकाठ

माझा एक प्रश्न राहिला. फेसबुकने ऑक्टोबर 2024 पासून व्हिडिओतल्या जाहिराती, रील्सवरच्या जाहिराती आणि कामगिरीचा बोनस अशा तिन्ही योजना एकत्र करून एकच योजना आणली. माझ्या मित्राला तिथून दरमहा एक रक्कम येते. ती रक्कम बोनस धरायची की जाहिरातीचा वाटा? कारण बोनस असेल तर त्याच्या भरवशावर कॅमेऱ्याचा हप्ता घेऊ नये असे मी त्याला सांगणार आहे.

हिशोबनीस

एकत्र केल्यामुळेच ते बाहेरून ओळखणे कठीण झाले आहे. मित्राला एक करून पाहायला सांगा: सहा महिन्यांच्या रकमा आणि त्या-त्या महिन्याचे देशानुसार व्ह्यूज शेजारी-शेजारी लिहा. दिवाळीच्या सुमारास रक्कम चढली, जानेवारीत उतरली आणि परदेशी व्ह्यूजबरोबर हलली, तर ती जाहिरातीसारखी वागते आहे. व्ह्यूज तेवढेच असताना ती एकदम पडली किंवा एका आकड्यावर येऊन अडकली, तर मागे कोणीतरी अंदाजपत्रक ठरवत असावे. हा पुरावा नव्हे, नुसता वास आहे. हप्त्याचे म्हणाल, तर मी दोन्हींच्या भरवशावर घेणार नाही.

तारजुळणी

उद्यापासून खुंट्या बसवण्याचे आठ व्हिडिओ टाकतो आहे, चार गाण्यासह आणि चार बिनगाण्याचे. महिन्याने आकडे इथेच देईन. मेव्हणा म्हणतो की गाणी तो निवडणार.